पीएसडी ब्राउझरमध्ये सुधारून छापायला द्यावी का?

अवंती (इंदूर)
आमच्या मंडळाच्या कोजागरीच्या फ्लेक्सची पीएसडी आहे, सगळे लेयर शाबूत. ज्या संगणकावर फोटोशॉप होतं तो बंद पडलाय आणि डिझाइन करणारे दादा गावाला गेलेत. बदल दोनच: वेळ ७.३० ऐवजी ८.०० आणि ‘मैदान’च्या जागी ‘सभागृह’. फ्लेक्स ८ बाय ४ फुटांचा आहे, आणि याच फाइलवरून पत्रिकाही ऑफसेटवर छापायच्या आहेत. photopea.com वर फाइल उघडली तर दिसते छान, पण ‘मैदान’ बदलायला गेले की तिथे eSnku असं काहीतरी येतं. ब्राउझरमध्ये बदल करून असं छापायला द्यावं का?

हेमंत_ग्वाल्हेर
माझं स्पष्ट मत, देऊ नका. एक तर तुमची फाइल कुठल्यातरी सर्व्हरवर जाऊन पडते. त्यात पदाधिकाऱ्यांचे फोटो, मोबाइल नंबर सगळं असतं. दुसरं, eSnku येतंय म्हणजे फाइल खराब व्हायला लागली आहे. आत्ता एक शब्द बिघडला, जतन केल्यावर बाकीचेही जातील. दोन दिवस थांबा आणि फोटोशॉप असलेला संगणक शोधा.

स्नेहल_डीटीपी
हेमंतदादा, दोन्ही मुद्द्यांवर मी असहमत आहे.

फाइल कुठेही चढत नाही. फोटोपीचं सगळं काम तुमच्याच ब्राउझरमध्ये चालतं. पटत नसेल तर पान पूर्ण लोड झाल्यावर वायफाय बंद करा आणि मग पीएसडी उघडा. उघडते आणि लेयरही हलतात. नेट लागतं ते त्यांच्या यादीतला नवा फॉन्ट आणायला.

आणि फाइल बिघडलेली नाही. मूळ मजकूर कृतिदेवमध्ये टाइप केलेला आहे. कृतिदेव युनिकोड नाही. त्यात इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असतात. फाइलच्या आत ‘मैदान’ म्हणून eSnku हेच साठवलेलं असतं आणि ‘गणेश’ म्हणून x.ks'k. फॉन्ट हजर असेपर्यंत ते वाचता येतं. पीएसडीत फॉन्टचं फक्त नाव असतं, फॉन्ट नसतो. म्हणून फोटोपी आधी लेयरचं साठवलेलं चित्र दाखवतो, तुम्ही मजकुराला हात लावला की उपलब्ध फॉन्टने तो नव्याने काढतो, आणि आतली इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. अवंती, लगेच Ctrl+Z कर, चित्र परत येईल.

यावरून एक गोष्ट लक्षात ठेव: फॉन्ट मिळेपर्यंत बाकीच्या एकाही ओळीत कर्सर ठेवायचा नाही.

वेळ बदलायला फॉन्टची गरजच नाही. खाली संपर्काचा नंबर असेल ना? त्यात ८ आणि ० बहुतेक असतील. नंबरच्या लेयरची कॉपी काढ, ती कॉपी Rasterize कर, हवा तेवढाच अंक निवडून नव्या लेयरवर घे आणि वेळेच्या जागी नेऊन बसव. मूळ ७.३० पुसू नकोस. त्या लेयरला मास्क लावून तेवढ्या भागावर काळा ब्रश फिरव. उद्या दादा परतले की मास्क काढून त्यांना सगळं जसंच्या तसं मिळेल. मात्र नंबरची अक्षरं वेळेपेक्षा बारीक असतील तर ही युक्ती सोडून दे, मोठं केल्यावर कडा धूसर होतात.

‘सभागृह’ला मात्र फॉन्ट हवाच. फाइल उघडताना फोटोपी नसलेल्या फॉन्टची नावं सांगतो, ते नाव अक्षरशः टिपून घे. Kruti Dev 010 आणि त्याच घराण्यातला दुसऱ्या क्रमांकाचा फॉन्ट यांची वळणं वेगळी असतात. ज्या टायपिस्टकडे तो असेल त्याच्याकडून .ttf आण आणि फोटोपीच्या खिडकीत ओढून टाक.

बडोदेकर
अहो, इतकं कशाला? आमच्या शाळेत क्रोमबुकच आहेत, फोटोशॉप कधी नव्हतंच. मी स्नेहसंमेलनाच्या सगळ्या पोस्ट फोटोपीत करतो. मजकूर सरळ युनिकोडमध्ये नव्याने टाइप करायचा, मुक्ता फॉन्ट घ्यायचा, पाच मिनिटांत काम. जुना फॉन्ट शोधत बसू नका, सगळंच बदला.

अवंती
काका, पोस्ट असती तर तेच केलं असतं. पण फ्लेक्सवर वीस-पंचवीस ओळी आहेत, सगळ्या त्याच वळणात. एकच शब्द वेगळ्या फॉन्टमध्ये आला तर लांबूनही कळेल, आणि सगळ्या बदलायच्या तर नावांच्या शुद्धलेखनाची जबाबदारी माझ्यावर येईल. प्रायोजकांची नावं तपासून मंजूर झालेली आहेत.

शाईवाला (इंदूर)
माझा छापखाना आहे, म्हणून फॉन्टवर बोलत नाही, शाईवर बोलतो. आमच्याकडे अशा फाइली येतात आणि पत्रिकेच्या कामात त्या मला नकोच असतात.

कारण असं. फोटोपी आरजीबीत काम करतो. मूळ फाइल सीएमवायकेची असली तरी उघडताना तिचे रंग बदलले जातात. फोटोशॉपमध्ये दादांनी बारीक मजकूर फक्त काळ्या शाईत ठेवला असेल, के १००. तो आरजीबीचा काळा झाला आणि पुन्हा सीएमवायकेत आला की चारही शाईंमध्ये वाटला जातो. फोटोशॉपच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये तो सी ७५, एम ६८, वाय ६७, के ९० असा येतो, म्हणजे एकूण ३०० टक्के शाई. आता आठ पॉइंटचं ‘श्री’ चार प्लेटांवरून छापायचं. एक प्लेट केसभर सरकली की अक्षराच्या कडेला निळी-लाल झाक दिसते आणि वेलांटीची पोकळी बुजते. स्क्रीनवर हे कधीच दिसत नाही. अ‍ॅक्रोबॅटच्या Output Preview मध्ये एक-एक प्लेट बंद करून पाहिलं की लगेच दिसतं: काळ्याची प्लेट बंद केली तरी मजकूर उरतोच.

म्हणून माझं म्हणणं, ब्राउझरमधून आलेली फाइल छापायला देऊच नये.

स्नेहल_डीटीपी
काका, पत्रिकेच्या बाबतीत तुम्ही म्हणता ते शंभर टक्के मान्य. पण त्यावरून ‘देऊच नये’ हे कसं निघतं? फ्लेक्सवर सर्वात बारीक अक्षर बोटभर उंचीचं असतं आणि मशिनचं सॉफ्टवेअर आरजीबी स्वतःच फोडून घेतं. तिथे प्लेटच नाही, मग सरकणार काय?

पत्रिकेसाठी तिने फोटोपीतून मजकूर बाहेर काढूच नये. मजकुराचा ग्रुप बंद करायचा, उरलेली पार्श्वभूमी आणि चित्र पीएनजीत काढायचं, आणि मजकूर तुमच्याकडे कोरलमध्ये के १०० ने बसवायचा. तुमच्याकडे रोज तेच चालतं ना?

शाईवाला (इंदूर)
चालतं. पण मग मजकूर पुन्हा टाइप करणारा आमचा मुलगा, आणि प्रूफ वाचणार कोण? मंडळवाल्यांनी सही केली तरच. शिवाय फ्लेक्सचा लाल आणि भगवा आरजीबीतून कसा उतरेल याची हमी मी देत नाही. एक फूटभर तुकडा आधी काढून बघा. एवढं केलं तर फ्लेक्सपुरता माझा विरोध सोडतो. पत्रिकेचा नाही.

हेमंत_ग्वाल्हेर
सर्व्हरचं म्हणाल तर, वायफाय बंद करून पाहिलं, स्नेहलताई, खरंच चालतं. तेवढं मागे घेतो. पण ब्राउझरवर मोठी फाइल टिकेल याची खात्री नाही ती नाहीच. एकदा टॅब अडकला की काम गेलं.

स्नेहल_डीटीपी
हा मुद्दा बरोबर आहे. ८ बाय ४ फूट, ७२ डीपीआय म्हणजे ६९१२ बाय ३४५६ पिक्सेल. पूर्ण आकाराचा एक लेयर मेमरीत साधारण ९५ एमबी घेतो. असे वीस लेयर असले की दोन जीबीच्या आसपास गेलंच, आणि ४ जीबी रॅमचा लॅपटॉप तिथे दमतो. अवंती, बाकीचे टॅब बंद ठेव आणि प्रत्येक बदलानंतर File > Save as PSD कर. फाइल डाउनलोडमध्ये नवी उतरते, तिला वेगळं नाव दे. दादांच्या मूळ फाइलवर कुठल्याही परिस्थितीत नवी फाइल चढू देऊ नकोस.

अवंती
फॉन्ट मिळाला. रामबागेतल्या एका काकांकडे टायपिंगचा जुना संगणक होता, त्यात Kruti Dev 010 निघाला. तो टाकल्यावर eSnku चं मैदान झालं आणि सभागृहही नीट बसलं. वेळेचे अंक नंबरमधून उचलले.

आता तपासणी. मंजूर झालेलं जेपीजी (व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून आलेलं होतं) सगळ्यात वर ठेवून Difference लावला. बदललेल्या दोन जागा उजळल्या, पण मथळ्याच्या सोनेरी कडेभोवतीही पुसट रेघ दिसते. मी मथळ्याला हात लावलेला नाही. हे चिंतेचं आहे का?

स्नेहल_डीटीपी
Levels ने उजळवून पाहा. जेपीजीची गिजबिज असेल तर ती सगळ्याच कडांवर सारखी पसरलेली दिसते, फोटोंभोवतीसुद्धा. एकाच बाजूला जाड, दुहेरी रेघ असेल तर ग्लो किंवा सावली फोटोशॉपपेक्षा वेगळी काढली जातेय. मी यापूर्वी पाहिलेल्या बहुतेक वेळी गिजबिजच होती.

शाईवाला (इंदूर)
मी तेवढ्यावर नाही सोडणार. मथळा हा फ्लेक्सचा चेहरा आहे. जेपीजीतला मथळा मोठा करून आणि फोटोपीतला मथळा मोठा करून शेजारी-शेजारी ठेव, आणि सोनेरी कडेची जाडी पिक्सेलमध्ये मोज.

अवंती
दोन्ही करून पाहिलं. रेघ सगळीकडे आहे, फोटोंभोवतीही. जाडी मोजली तर डावीकडे एका ठिकाणी एक पिक्सेलचा फरक येतो, बाकी सारखी. फूटभर तुकडा काढायला मशिनवाल्यांकडे आज संध्याकाळी जाते, मथळ्याचाच तुकडा घेईन. पत्रिकेची पार्श्वभूमी मजकुराशिवाय पीएनजीत काढून काकांकडे पाठवते, मजकुराचा कागद वेगळा, अध्यक्षांच्या सहीने.

स्नेहल_डीटीपी
एक पिक्सेल म्हणजे ७२ डीपीआयला साधारण एक तृतीयांश मिलिमीटर. फ्लेक्सवर तो कुणाला दिसणार नाही.

शाईवाला (इंदूर)
तुकडा बघून सांगा. मी अजून हो म्हटलेलं नाही.