शब्दचर्चा : ‘नॉन-डिस्ट्रक्टिव्ह’ला मराठीत काय म्हणाल?

कारंजाकाठ
रविवार कारंजाजवळ आमचं छपाई-डिझाइनचं लहान दुकान आहे. नव्याने लागलेल्या पोरांसाठी फोटोशॉपची चार पानी मराठी वही लिहितोय आणि ‘नॉन-डिस्ट्रक्टिव्ह एडिटिंग’वर अडलोय. ‘अविध्वंसक’ लिहिलं तर बॉम्ब आठवतो, ‘अविनाशी’ लिहिलं तर आत्मा. म्हणायचंय ते एवढंच, की फोटोचं रूप बदलायचं पण मूळ फोटोला हात लावायचा नाही, आणि सहा महिन्यांनीसुद्धा माघारी येता आलं पाहिजे. शिवाय ‘लेयर’ला थर म्हणू की पदर?

सातपूरकर
यात अडण्यासारखं काय आहे? ‘पूर्ववत’ हा शब्द आहेच. मोबाइलमध्येही ‘पूर्ववत करा’ असंच येतं. `Ctrl+Z` म्हणजे पूर्ववत.

येवलेकर
दादा, शब्द चांगला आहे, पण तो वेगळ्या गोष्टीचा. `Ctrl+Z` आल्या वाटेने एकेक पाऊल मागे नेतं. तीन तासांपूर्वी बदललेला रंग तेवढा काढायचा आणि नंतर बसवलेली अक्षरं ठेवायची, हे त्याला जमत नाही. आपण सेटिंग बदललं नसेल तर पन्नास पावलांची आठवण असते आणि फाइल बंद केली की तीही जाते. कारंजाकाठ यांना हवीय ती आठवण फाइलच्या आतच राहते.

मला हे कसं कळलं ते सांगते. येवल्यातल्या एका पैठणी दुकानाचा कॅटलॉग करत होतो. पदराचा फोटो ४००० बाय ६००० पिक्सेलचा. पानाच्या कोपऱ्यात लहान हवा होता, म्हणून मदतीच्या मुलाने साध्या लेयरवरच तो ४०० पिक्सेल रुंद केला. एंटर दाबला तेव्हाच बाकीचे पिक्सेल गेले. छोटा फोटो छान दिसत होता म्हणून कुणाला कळलं नाही. आठवड्याने मालक म्हणाले, हाच पूर्ण पानभर घ्या. ए-फोर पान ३०० पीपीआयला २४८० पिक्सेल रुंद. ४०० चे २४८० ताणले तर पदरावरचे मोर धुक्यात गेल्यासारखे दिसायला लागले.

त्याने आधी `Convert to Smart Object` करून मग लहान केला असता, तर मूळ ४००० पिक्सेल आत तसेच राहिले असते. लहान केलेला फोटो म्हणजे मूळच्या १० टक्के, आणि ६२ टक्क्यांवर नेला की पानभर, तोही स्वच्छ.

कारंजाकाठ
म्हणजे आता सगळेच लहान केलेले फोटो स्मार्ट ऑब्जेक्ट करून टाकायला सांगतो.

येवलेकर
लहान केल्यावर नाही! मग आत ४०० चाच फोटो जातो आणि तेवढाच जपला जातो. आधी गुंडाळायचा, मग लहान करायचा. तपासायचं असेल तर `Ctrl+T` दाबून वरच्या पट्टीत रुंदी बघा. १० टक्के दिसले तर मूळ शाबूत आहे. लहान केल्याचं पक्कं आठवतंय आणि तरी तिथे १०० दिसतंय, तर मूळ फोटो पुन्हा आणून बसवा.

शिवणकाम
मी सिडकोत ब्लाउज शिवते, संगणकातलं फार कळत नाही. पण ‘माघारी येता यावं’ म्हटल्यावर मला धावदोरा आठवला. कच्चा टाका घालायचा, अंगावर घालून बघायचं, नाही पटलं तर दोरा ओढून काढायचा.

कारंजाकाठ
ताई, हा शब्द लगेच वहीत लिहितो. धावदोऱ्याची एडिटिंग!

शिवणकाम
थांबा, रात्री विचार केला आणि मलाच तो पटेना. रेशमावर धावदोरा उसवला तरी सुईची भोकं राहतात. तुमच्याकडे तर मुळावर खूणही राहायला नको ना? मग तुमचा तो स्मार्ट ऑब्जेक्ट म्हणजे खोळ. खोळ धुवा, बदला, फाडा, आतली गोधडी तशीच.

मखमलाबाद
माझाही असाच प्रश्न आहे. वडिलांचा जुना फोटो काकांनी व्हॉट्सॲपवर पाठवला. मी तो फोटोशॉपात उजळला, सेव्ह केला, बंद केला. आता चेहरा पांढरा फटक दिसतोय. लेयर टाकून मूळ परत आणता येईल का?

येवलेकर
नाही येणार, दादा. तो जेपीईजी आहे, त्यात लेयर राहतच नाहीत. जिथे चेहरा पूर्ण पांढरा झालाय तिथली माहिती फाइलमध्ये उरलेली नाही. काकांच्या फोनमध्ये मूळ असेल, ते मागवा, आणि व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. या वेळी उजळायला अ‍ॅडजस्टमेंट लेयर वापरा आणि पीएसडी जपून ठेवा.

तिसरी घंटा
अ‍ॅडजस्टमेंट लेयरला माझ्याकडे शब्द आहे : जिलेटिन. कालिदास कलामंदिरात बरीच वर्षं प्रकाशयोजना केली. दिव्यापुढे निळं जिलेटिन लावलं की नटीची साडी निळसर दिसते, काढलं की जशीच्या तशी. साडी कुणी रंगवलेली नसते. `Image > Adjustments` मधून साध्या लेयरचा रंग बदलणं म्हणजे साडीच रंगाच्या बादलीत बुडवणं.

येवलेकर
काका, अगदी नेमकं! आणि जिलेटिनचा उपद्रवही तोच. त्याच कॅटलॉगात मालक म्हणाले, “ही हिरवी नाही, रामा आहे.” मी वर `Hue/Saturation` चा अ‍ॅडजस्टमेंट लेयर टाकून ह्यू उजवीकडे १२ पर्यंत नेला. रामा झाली, पण त्याच पानावरच्या अंजिरी पैठणीचाही रंग सरकला, कारण तो लेयर त्याच्या खालच्या सगळ्यांवर पडतो.

तिसरी घंटा
आमच्याकडे अशा वेळी तेवढ्यापुरता स्पॉट देतात.

येवलेकर
इथेही तसंच करायचं. अ‍ॅडजस्टमेंट लेयर त्या फोटोच्या लगेच वर आणायचा, `Alt` धरून दोघांच्या मधल्या रेषेवर क्लिक करायचं. लेयरपुढे खाली वळलेला छोटा बाण आला की तो फक्त त्याच फोटोवर लागू. जरीही हिरवट झाली होती. तिच्यावर मास्कमध्ये काळा ब्रश फिरवला, तेवढी झाकली गेली. चुकून काठावर गेला तिथे पांढरा फिरवून परत उघडली. नंतर मालकांनी उन्हात साडी बघून १२ चे ८ करायला लावले, तो आकडा तिथेच थांबलेला होता.

सातपूरकर
हे ‘पूर्ववत’मध्ये बसत नाही, मान्य. पण मग थर की पदर? दहीहंडीचे थर आपण म्हणतोच.

शिवणकाम
दहीहंडीत खालचा थर हलला की वरचे सगळे खाली. पोळीचा पदर मात्र वेगळा सुटतो.

येवलेकर
फोटोशॉपात खालचा लेयर बंद केला तर वरचा पडत नाही, म्हणून मलाही पदरच आवडतो. फक्त साडीच्या कॅटलॉगात “पदराचा पदर बंद कर” म्हणायची वेळ येईल.

कारंजाकाठ
वहीत आत्ता असं लिहिलंय : लेयरला लेयरच, स्मार्ट ऑब्जेक्टला खोळ, अ‍ॅडजस्टमेंट लेयरला जिलेटिन. आणि शीर्षक ‘मूळ राखून बदल’. पोरांना वाचून दाखवलं. खोळ लगेच समजली. जिलेटिन दोघांनी कधी पाहिलेलंच नाही, आताच्या एलईडी दिव्यांना ते लागत नाही म्हणे.

तिसरी घंटा
खरं आहे, आता बोर्डावरूनच रंग बदलतो. माझ्याकडे जुनी चार-पाच रंगांची पानं आहेत, दुकानात आणून देतो. फोटोवर धरून दाखवा.

सातपूरकर
आणि एक राहिलंच. तुमच्याकडे ‘तो लेयर’ की ‘ती लेयर’? आमच्या इथे सगळे “लेयर मारली” म्हणतात.