शब्दचर्चा: 'कॉम्पिटंट' पेशी सक्षम की ग्रहणक्षम? आणि 'स्क्रीनिंग' म्हणजे निवड का?

बीजाक्षर: ई. कोलाय जिवाणूत बाहेरचा डीएनए घालण्यावर, म्हणजे ट्रान्सफॉर्मेशनवर, मुलांसाठी टिपण लिहितेय. 'कॉम्पिटंट सेल'ला 'सक्षम पेशी' आणि 'ब्लू-व्हाइट स्क्रीनिंग'ला 'निळी-पांढरी निवड' लिहिलंय. दोन्ही खटकतंय.

कोशवाला: 'सक्षम अधिकारी' म्हणतोच ना आपण? मग सक्षम पेशी का नको?

पेट्रीबशी: सक्षम म्हटलं की पेशी धडधाकट वाटते. या पेशी उलट फार नाजूक असतात, बर्फावर पिपेटने जोरात ढवळल्या तरी वाया जातात. शिवाय न्यूमोकोकससारखा जिवाणू बाहेरचा डीएनए आपणहून घेतो, प्रयोगशाळेतल्या ई. कोलायला मात्र आपण तयार करावं लागतं. मी 'ग्रहणक्षम' म्हणते.

नवशिका: कॅल्शियम क्लोराइड पेशीला भोकं पाडतं आणि त्यातून प्लाझ्मिड, म्हणजे डीएनएचं छोटं वर्तुळ, आत जातं. मग 'सच्छिद्र पेशी' का नाही?

पेट्रीबशी: भोकं कॅल्शियम पाडतं असं नाही. डीएनएवर ऋण भार, पेशीच्या पृष्ठभागावरही ऋण भार, त्यामुळे दोघं एकमेकांना दूर लोटतात. कॅल्शियमचे धन आयन मध्ये बसून तो भार झाकतात, म्हणून बर्फावरच्या अर्ध्या तासात प्लाझ्मिड पेशीला चिकटून राहू शकतं. मग ४२ अंशांना ४५ सेकंद आणि लगेच परत बर्फ. या अचानक बदलाने पटल विस्कळीत होऊन डीएनए आत सरकतो असं मानतात, पण नेमकी वाट कोणती यावर अजून एकमत नाही. मँडेल आणि हिगा यांनी १९७० साली कॅल्शियमची ही युक्ती फाज या जिवाणूंना लागणाऱ्या विषाणूच्या डीएनएवर दाखवली; प्लाझ्मिडवर ती १९७२ साली आली.

नवशिका: माझी प्लेट सगळी पांढरी आली. म्हणजे सगळ्या वसाहतींत प्लाझ्मिडमध्ये आपला डीएनएचा तुकडा बसला ना?

पेट्रीबशी: न कापलेल्या पीयूसी१९ प्लाझ्मिडची प्लेट कशी आली?

नवशिका: तीही पांढरी.

पेट्रीबशी: मग प्लेटमध्ये एक्स-गॅल हे निळा रंग देणारं रसायन पडलंच नाही, किंवा जुनं होतं. त्या प्लाझ्मिडमध्ये तुकडा नाही, ती प्लेट निळीच यायला हवी. डीएच५ अल्फा या ई. कोलायच्या पेशीत बीटा-गॅलॅक्टोसिडेज या विकराचा एक भाग असतो, उरलेला प्लाझ्मिड पुरवतं. दोन्ही जुळले की एक्स-गॅल फुटून निळा रंग येतो. तुकडा बसला की प्लाझ्मिडचा भाग मोडतो, वसाहत पांढरी राहते. छोटा तुकडा वाचनचौकट, म्हणजे जनुकाची तीन-तीन अक्षरांची वाचणी, न मोडता बसला तर मात्र फिकट निळीही दिसते.

बीजाक्षर: मग 'निवड' कशाला म्हणायचं?

पेट्रीबशी: अँपिसिलिन या प्रतिजैविकाच्या कामाला. प्लाझ्मिड न घेतलेल्या पेशी ते वाढूच देत नाही, ती निवड. निळ्या आणि पांढऱ्या दोन्ही जगतात, आपण फक्त ओळखतो. त्याला 'पारख' म्हणा.

कोशवाला: 'पारख' पटलं. 'निळी-पांढरी पारख' कानालाही बरं लागतं. 'ग्रहणक्षम' मात्र जड आहे, मुलं प्रयोगशाळेत 'कॉम्पिटंट'च म्हणणार.

बीजाक्षर: टिपणात पहिल्यांदा दोन्ही लिहीन. आता 'हीट शॉक'ला काय? 'उष्णतेचा धक्का' की 'चटका'?

कोशवाला: चटका.

पेट्रीबशी: चटक्याने कातडी भाजते. ४२ अंशांना पेशी भाजायची नाही, मला धक्काच हवा.