बेकिंग पावडरला मराठीत काय म्हणायचं? (खायचा सोडा म्हणू नका, मी म्हणून बसलेय)

गोदाकाठची
सिडकोतल्या आमच्या बचत गटासाठी केकच्या पाककृती इंग्रजीतून मराठीत उतरवतेय. शक्य तितकं मराठी लिहायचं या हट्टापायी 'बेकिंग पावडर' खोडून 'खायचा सोडा' लिहिलं. दोन वाट्या मैदा, चहाचे दोन चमचे पावडर, बाकी दूध, साखर, लोणी, अंडी. गटातल्या एका वहिनींनी माझा कागद समोर ठेवून तंतोतंत केला. केक भसकन फुगला, मग मधोमध खड्डा पडला, वरून खजुरासारखा काळपट आणि चवीला साबण. वहिनी काही बोलल्या नाहीत, फक्त उरलेला अख्खा केक माझ्या घरी पाठवून दिला. तर बेकिंग पावडरला मराठी शब्द आहे का हो?

जुनी_प्रयोगशाळा
ताई, आधी वहिनींना भेटून या. शब्दाचं नंतर बघू.
सोड्याला वायू सोडायला आंबट लागतं. दही, ताक, लिंबू, व्हिनेगर, काहीतरी. तुमच्या यादीत आंबट काहीच नव्हतं. मग सोडा नुसत्या उष्णतेने फुटला. तसा फुटला की थोडाफार वायू मिळतो आणि मागे उरतो तो चक्क धुण्याचा सोडा. वहिनींना साबण लागला तो उगाच नाही. पावडरमध्ये सोड्यासोबत आंबट क्षार कोरडाच मिसळलेला असतो आणि ओल धरू नये म्हणून कॉर्नफ्लोअर. म्हणून तिला दूध चालतं.
शिवाय मापही चुकलं. दोन चमचे पावडरचं काम अर्धा चमचा सोडा करतो. तुम्ही चौपट घातलात. काळपट रंग त्याचाच.

फुगवण
'सोडा' हा परका शब्द नाहीच! वायू *सोडतो* तो सोडा. आमचे आजोबा असंच सांगायचे.

जुनी_प्रयोगशाळा
आजोबांना नमस्कार, पण सोडा जहाजातून आला. आपला शब्द 'खार', तो 'क्षार'वरून. सज्जीखार, पापडखार वगैरे.

रविवार_कारंजा
मग झालं की. बेकिंग सोडा म्हणजे पापडखार. आमच्या दुकानात बायका दोन्हीला 'खार'च म्हणतात.

जुनी_प्रयोगशाळा
म्हणू देत, पण एकाच्या जागी दुसरं देऊ नका. पापडखार जास्त कडक असतो. उडदाच्या पिठाला झेपतो, केकला नाही.

देवळाली_ओव्हन
उगाच बाऊ करताय. दोन्ही एकच, पावडर सौम्य इतकंच. मी सोडा लिहिला असेल तिथे तिप्पट पावडर घालते. तीस वर्षं घालतेय, काही बिघडलं नाही.

जुनी_प्रयोगशाळा
तुमचं अर्धं बरोबर आहे. सोड्याच्या जागी तिप्पट पावडर घातली तर केक फुगतो. पण मुळात ताक किंवा दही असलेली पाककृती असेल, तर तिथे सोडा त्याचा आंबटपणा मारायलाही असतो. पावडर स्वतःचं आंबट घेऊन येते, मग ताकाचं आंबट तसंच राहतं. केक किंचित आंबूस आणि वरून फिका होतो. तुमच्या घरी तो तसाच आवडत असेल.
उलटी अदलाबदल नुसती होतच नाही. ताईंच्या केकला अर्धा चमचा सोडा घ्यायचा आणि दुधाऐवजी साधारण एक वाटी आंबट दही. दह्याने मिश्रण पातळ वाटलं तर बाकीचा ओलावा कमी करायचा. आणि घाई करायची. दही आणि सोडा भेटले की बुडबुडे लगेच सुरू. भांड्याला तूप लावणं, ओव्हन तापवणं हे सगळं आधी. पावडर बहुतेक वेळा थोडा वायू ओलाव्याला सोडते आणि बाकीचा उष्णतेला, म्हणून तिला फोन घेतलात तरी चालतं.

देवळाली_ओव्हन
आंबूस नाही लागत हो. बरं, फिका होतो हे खरं. मला वाटायचं माझा ओव्हन थंड आहे.

द्राक्षबाग
दिंडोरीकडे वायनरीत काम करतो. तुम्ही ज्याला आंबट क्षार म्हणताय, त्यातला जुना एक आमच्या टाक्यांमध्ये तयार होतो. वाइन बाटलीत भरण्याआधी खूप थंड करतो, तेव्हा तळाशी आणि भिंतींवर खडीसाखरेसारखे खडे बसतात. टार्टर म्हणतात. साफ करून पांढरी भुकटी केली की क्रीम ऑफ टार्टर. जुन्या बेकिंग पावडरी त्याच्याच असायच्या. एक भाग सोडा, दोन भाग ही भुकटी. आमच्या टाकीतलं खरवडून कुणी घरी नेऊ नका, ते गाळीव नसतं.

फुगवण
म्हणजे नाशिकला बेकिंग पावडरला 'द्राक्षखार' म्हणायला हरकत नाही!

द्राक्षबाग
खार कसला, तो तर आंबट आहे. आणि हल्लीच्या डब्यात बहुतेक वेगळेच क्षार असतात.

फुगवण
मग 'फुगवणी' घ्या. फोडणी, मळणी, तशी फुगवणी. पाव, केक, ढोकळा सगळ्याला चालेल.

रविवार_कारंजा
काउंटरवर येऊन 'पन्नास ग्रॅम फुगवणी द्या' म्हणाल तर मी सायकलचा पंप देईन.

फुगवण
शब्द वापरला तर रुळतो. तुम्ही दुकानदारच वापरत नाही.

रविवार_कारंजा
गिऱ्हाईक हातात डबा घेऊन 'हे' म्हणतं. तोच शब्द रुळलाय.
बरं, कामाचं विचारतो. माझ्याकडे दोन बरण्या आहेत, चिठ्ठ्या ओल्या होऊन गेल्या. ओळखायचं कसं?

जुनी_प्रयोगशाळा
अर्धी वाटी साधं पाणी, त्यात चिमूट टाका. आपोआप फसफसली ती पावडर. गप्प विरघळलं ते सोडा असेल, किंवा मेलेली पावडर. मग त्याच वाटीत हळद टाका. लालसर झाली तर सोडा. ढोकळ्यात लाल ठिपके दिसतात ना, तो हाच प्रकार.

रविवार_कारंजा
एक फसफसली. दुसरी गप्प होती, हळद लाल झाली. मुलगा म्हणतोय आता दुकानात खेळ नको.

कोकणची_सून
मी सासरी नाशिकला आल्यावर पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी 'सोडा आण' सांगितलं. आमच्या माहेरी सोडे म्हणजे सुकी कोळंबी. मी भद्रकालीपर्यंत जाऊन पाव किलो सोडे आणले. घरी उपवास होता. तर सोडे वांग्यात घालतात ते कधी, आधी की नंतर, यावर आमच्यात अजून वाद आहे.

देवळाली_ओव्हन
आधी. भाजून घेऊन.

कोकणची_सून
नंतर! पाण्यात भिजवून. आधी घातले की चामड्यासारखे होतात.

गोदाकाठची
काल जुन्या_प्रयोगशाळेच्या मापाने केला, अर्धा चमचा सोडा आणि वाटीभर दही. जाळी छान पडली, खड्डा नाही. एक डबा वहिनींकडे पाठवला. डबा परत आला, त्यात गूळपोळी होती.
पुस्तिकेत 'बेकिंग पावडर' असंच छापतेय. आणि मापात नुसतं 'चमचा' न लिहिता 'चहाचा चमचा' लिहितेय, कारण दुसऱ्या एका घरी पोह्याच्या चमच्याने मोजत होत्या.

फुगवण
निदान कंसात 'फुगवणी' टाका.

रविवार_कारंजा
टाकू नका, गिऱ्हाइकं मलाच विचारतील.

कोकणची_सून
भाजून घेतले की वास घरभर होतो, शेजारी येतात ते वेगळंच.