डायमॉक्स की डेक्सा? बायकोला सल्फाची अ‍ॅलर्जी आहे

वाटसरू: पुढच्या महिन्यात आम्ही विमानाने थेट ३५०० मीटरवर उतरतोय. दुसऱ्या रात्रीचा मुक्काम ४३०० वर. उंचीवरच्या विरळ हवेचा त्रास होऊ नये म्हणून डायमॉक्स घ्या म्हणतात, पण बायकोला पूर्वी सल्फाच्या गोळीने पुरळ उठलं होतं. मित्र म्हणतो, तिला डेक्सामेथासोन द्या, ते जास्त भारी असतं. खरं का?

भटक्या७१: डायमॉक्स २५० ची, सकाळ-संध्याकाळ. मी दोनदा जाऊन आलो, काही झालं नाही. आणि पाणी ढोसत राहा, मग त्रास होतच नाही.

मीनल: घाटात मलाही उलट्या होतात. निघण्याआधी अर्धा तास गोळी घेते, बरं वाटतं.

डॉ. सुहास: मीनलताई, तुमचा त्रास गाडी लागण्याचा, हा वेगळा. भटक्या, प्रतिबंधासाठी प्रौढांना १२५ मिलिग्रॅम दोनदा पुरते. चढण्याच्या आदल्या दिवशी सुरू करायची आणि वर पोचल्यावर दोन दिवस चालू ठेवायची. २५० ने बोटांना मुंग्या आणि लघवीला पळापळ वाढते. पाणी तहानेपुरतं प्या, त्याने विरळ हवा टळत नाही.

डायमॉक्स मूत्रपिंडातून बायकार्बोनेट बाहेर टाकायला लावते. त्यामुळे रक्त किंचित आम्ल होतं, श्वास वाढतो आणि शरीर लवकर रुळतं. डेक्सा रुळवत नाही, त्रास फक्त दाबते. वर असताना बंद केली की तो उसळून येऊ शकतो. प्रतिबंधाला ती दुसऱ्या क्रमांकावर, डॉक्टरांनी लिहून दिली तरच. एरवी मेंदूला सूज आल्यावर जीव वाचवायला ती जवळ असावी. तेव्हा पहिला डोस ८ मिलिग्रॅम, पुढे दर सहा तासांनी ४, आणि त्याच वेळी खाली उतरणं.

अरुणा: आमच्यातल्या एकाला तिसऱ्या रात्री कोरडा खोकला लागला. सर्दी म्हणून सोडून दिलं. पहाटे बसल्या जागी धाप लागत होती, ओठ निळे. खाली नेलं तेव्हा कुठे धड बोलू लागला. रात्रीच उतरवायला हवं होतं, अजून टोचतं.

डॉ. सुहास: हेच ते लक्षण. विश्रांतीतही धाप म्हणजे फुफ्फुसात पाणी भरतंय. मेंदूला सूज आल्याची खूण चालण्यात दिसते: टाचेला चवडा लावत सरळ रेषेत चालायला सांगा. तोल गेला किंवा माणूस बरळायला लागला, तर सकाळची वाट पाहू नका.

वाटसरू, तुमचा खरा घोळ बेतात आहे. ३५०० वर निदान दोन रात्री काढा. त्यापुढे झोपण्याची उंची दर रात्री ५०० मीटरहून जास्त वाढवू नका. डोकं दुखत असताना तर अजिबात वर जायचं नाही, गोळी घेतलेली असली तरी.

वाटसरू: मधे एक मुक्काम घालतो. पण सल्फाचं काय?

डॉ. सुहास: सल्फा बाधलेल्याला डायमॉक्सही बाधण्याचा धोका सहसा कमी असतो. नुसतं पुरळ असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली घरीच एक डोस घेऊन बघता येतो. श्वास अडकला होता, तोंड सुजलं होतं किंवा त्वचा सोलली होती, तर डायमॉक्स नकोच.

भटक्या७१: आमच्या डॉक्टरांनी तर साध्या पुरळावरही सरसकट नाही म्हटलं होतं.

डॉ. सुहास: काही जण देत नाहीत, बरोबर. यावर मतं वेगळी आहेत.

वाटसरू: तेव्हा तोंड सुजलं होतं का, तिला आठवत नाही. जुने कागद शोधतोय.

डॉ. सुहास: ते सापडेपर्यंत गोळी नको.