मदत हवी आहे: कीपॅड फोनमधले नंबर स्मार्टफोनवर आणि भजनं कीपॅडवर, ब्लूटूथने

मेथीची_जुडी
नमस्कार मंडळी. आईला नवा अँड्रॉइड फोन घेतलाय. तिच्या जुन्या कीपॅडमधले दोनशेच्या आसपास नंबर त्यात आणायचेत. कीपॅड आता अण्णांकडे जाणार, त्यांना त्यात भजनं भरून हवीत. शेतावर इंटरनेटला रेंज नाही आणि स्मार्टफोन त्यांना नकोच आहे.

पेअरिंग झालं, दोन्हीकडे सहा आकडी कोड सारखा आला. पण अँड्रॉइडवर कीपॅडच्या नावावर टॅप केलं की 'कनेक्ट होऊ शकत नाही' येतं. कीपॅडवरून एक नंबर 'बिझनेस कार्ड' म्हणून पाठवला, तर बराच वेळ 'सेंडिंग' दिसून शेवटी 'फेल्ड'. उलटीकडून भजन पाठवलं तर मध्येच तुटतं. काय चुकतंय?

पोस्टमास्तर
ताई, कीपॅडचं ब्लूटूथ जुन्या व्हर्जनचं, नव्या फोनचं 5 च्या वरचं. ते जुळत नाही म्हणून कनेक्ट होत नाही. पेअरिंग काढून परत करा, कोड विचारला तर 0000 किंवा 1234 टाका.

सोल्डरवाला
मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, रोजचं काम आहे हे.

पोस्टमास्तर, कोडचं बरोबर आहे, फार जुने फोन 0000 मागतात. पण व्हर्जनचा काही संबंध नाही. नव्या फोनात जुनं ब्लूटूथही असतंच, नाहीतर जुने स्पीकर वाजलेच नसते.

ताई, 'कनेक्ट होऊ शकत नाही' याकडे लक्षच देऊ नका. ते कनेक्शन हेडफोन, गाडी असल्या गोष्टींसाठी. फाइल पाठवायला नुसतं पेअर असलं की झालं, जोडणी फाइल जाण्यापुरतीच होते.

नंबर फेल होतोय कारण अँड्रॉइड आधी परवानगी विचारतो. वरून पडदा खाली ओढा, 'फाइल स्वीकारायची का' असं नोटिफिकेशन असेल. मिनिटभरात 'स्वीकारा' दाबलं नाही तर तो स्वतःच नकार देतो आणि कीपॅडवर 'फेल्ड' दिसतं. पाठवताना स्मार्टफोन हातात, स्क्रीन चालू. आलेल्या `.vcf` फाइलवर टॅप केलं की कुठे सेव्ह करायचं ते विचारेल, तिथे आईचं गूगल खातं निवडा. फोन हरवला तरी नंबर राहतील.

कोपऱ्यातला
माझ्याकडे आयफोन आहे. वडिलांच्या कीपॅडमध्ये माझा फोन दिसतच नाही. मीही पडदा ओढून बघू का?

सोल्डरवाला
नाही हो. आयफोन दुसऱ्या फोनशी ब्लूटूथने फाइल किंवा नंबर देत-घेतच नाही. एखाद्या अँड्रॉइडवर नंबर घ्या आणि तिथून `.vcf` स्वतःला मेल करा.

मेथीची_जुडी
पडद्यातच होतं! पहिला नंबर आला. पण दोनशे वेळा 'स्वीकारा' दाबायचं? कीपॅडमध्ये 'मार्क ऑल' नाही. 'बॅकअप' आहे, त्याने मेमरी कार्डवर `.dat` फाइल केली. ती ब्लूटूथने पाठवली तर अँड्रॉइड विचारतही नाही, थेट नकार.

निवांत_बुवा
मेमरी कार्ड कशाला, कीपॅडमध्ये गूगल खातं टाका आणि सिंक करा, सगळे आपोआप येतात.

मेथीची_जुडी
बुवा, साधा बटणांचा फोन आहे. खातं टाकायला जागाच नाही.

सोल्डरवाला
अँड्रॉइड ब्लूटूथवर ठरावीक प्रकारच्याच फाइल घेतो: फोटो, गाणी, व्हिडिओ, `.vcf`, पीडीएफ वगैरे. `.dat` त्यात बसत नाही. कार्ड काढून रीडरने फाइल कॉपी केलीत तरी उपयोग नाही, ती त्याच कंपनीच्या फोनला वाचता येते.

अशा वेळी मी ब्लूटूथ सोडून सिम वापरतो. कीपॅडमध्ये नावांच्या यादीत 'कॉपी ऑल', फोनमधून सिमवर. ते सिम नव्या फोनात घाला, कॉन्टॅक्ट्स ॲपमध्ये 'सिमवरून इम्पोर्ट करा'. सिमवर साधारण 250 नावं मावतात. किती जागा शिल्लक आहे ते आधी 'मेमरी स्टेटस'मध्ये बघा.

दोन अडचणी आहेत. सिमवर एका नावाला बहुधा एकच नंबर राहतो. आणि नाव तुटतं. इंग्रजीत चौदा-पंधरा अक्षरं चालतात, देवनागरीत बऱ्याच सिमवर सहाच, त्यातही काना-मात्रा वेगळे मोजले जातात. म्हणजे 'बाळासाहेब'चं 'बाळासा' होतं. म्हणून लांब नावाचे आणि दोन नंबरवाले तेवढे ब्लूटूथने एकेक पाठवा, बाकी सिमने.

कोपऱ्यातला
माझ्या वडिलांच्या फोनने मात्र बॅकअप `.vcf` मध्येच केला. मित्राच्या अँड्रॉइडवर गेलाही. पण फाइल उघडून पाहिली तर नावांऐवजी हा कचरा:

```
BEGIN:VCARD
VERSION:2.1
N;CHARSET=UTF-8;ENCODING=QUOTED-PRINTABLE:;=E0=A4=AE=E0=A4=BE=E0=A4=AE=E0=A4=BE
TEL;CELL:98XXXXXXXX
END:VCARD
```

नावं गेली का?

सोल्डरवाला
गेली नाहीत, हे 'मामा' आहे. जुन्या फाइलमध्ये मराठी असंच लिहिलं जातं. टेक्स्ट म्हणून उघडून काही बदलू नका, कॉन्टॅक्ट्समध्येच इम्पोर्ट करा, नाव नीट दिसेल. आणि किती `BEGIN` आहेत ते बघा, तितकी नावं आली पाहिजेत.

मेथीची_जुडी
सिमने बहुतेक नंबर आले. दोन नंबरवाल्या काकूंचा दुसरा गळला, तो हाताने टाकला. आता भजनं?

सोल्डरवाला
एक सांगा, प्रत्येक वेळी तुटतं तेव्हा साधारण त्याच टक्क्यावर तुटतं का?

मेथीची_जुडी
हो की! मोठी भजनं नेहमी चाळीसच्या आसपास. आरतीची छोटी फाइल पूर्ण गेली.

सोल्डरवाला
मग जागा संपतेय. कुठेही तुटत असतं तर अंतर किंवा बॅटरी म्हटलं असतं. आलेली फाइल आधी फोनच्या स्वतःच्या मेमरीत जाते, आणि ती असल्या फोनात काही एमबीच असते. पाच मिनिटांचं भजन 128 केबीपीएसला जवळपास 4.8 एमबी होतं, 320 ला 12. कार्ड 32 जीबीचं असलं तरी त्याला कुणी विचारतच नाही.

कीपॅडच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये 'स्टोरेज' शोधा, तिथे 'मेमरी कार्ड' करा. अँड्रॉइडवरून शेअर करताना क्विक शेअर नको, ब्लूटूथचंच चिन्ह निवडा, क्विक शेअरला कीपॅड दिसत नाही. वेग सेकंदाला शंभर केबीच्या आसपास धरा, म्हणजे एका भजनाला पाऊण-एक मिनिट. पन्नास-शंभर भजनं असतील तर मात्र कार्ड काढून रीडरने भरा, उगाच ताटकळत बसू नका.

फाइल एमपीथ्री हवी. व्हॉट्सॲपवरची `.opus` कीपॅडवर जाईल पण वाजणार नाही. तिचं नाव बदलून `.mp3` केलंत तरी आतला माल तोच.

पोस्टमास्तर
म्हणजे व्हर्जनचा काहीच दोष नव्हता तर. मी मात्र या कारणाने एक फोन भंगारात घातला.

मेथीची_जुडी
स्टोरेज बदललं, भजनं जातायत आणि वाजतायत. पण प्लेयरमध्ये मराठी नावांच्या जागी चौकोन. फाइलचं नाव इंग्रजीत केलं तरी तेच.

सोल्डरवाला
त्या फोनात देवनागरी अक्षरंच नसतील. प्लेयर फाइलचं नाव न दाखवता गाण्याच्या आतलं शीर्षक दाखवत असेल, ते टॅग एडिटरने पुसून बघा. काही फोनांत मग फाइलचं नाव दिसतं. या मॉडेलला चालेल की नाही, खात्रीने सांगता येत नाही.

मेथीची_जुडी
एका भजनावर करून बघते. अण्णा म्हणतायत चौकोन असू दे, पण हरिपाठ सगळ्यात वर हवा. तो क्रम कसा लावायचा?