‘पिनॅकल’ला शिखर म्हणावं की कळस?

अर्धविराम: अंकशास्त्राच्या पुस्तिकेचं भाषांतर करतोय. त्यात ‘पिनॅकल’ आणि ‘चॅलेंज’ यांचे चार-चार काळ आहेत. मी ‘शिखर’ आणि ‘आव्हान’ लिहिलं, प्रत्येक काळाला ‘चक्र’. संपादकांनी ‘शिखर’ खोडलं. म्हणाले, पहिलं शिखर जन्मापासूनच सुरू होतं, मग चढण कुठाय?

कानामात्रा: कळस म्हणा की. अस्सल मराठी शब्द.

उंबरठा: कळस बहुतेकदा मूर्खपणाचाच होतो. ‘तुमचा चौथा कळस सुरू आहे’ असं कुणाला सांगून बघा!

जुनीवही: संपादक बरोबर आहेत, हे टप्पेच आहेत. 29-7-1986 घ्या. एक अंक उरेपर्यंत बेरीज केली की दिवस 2, महिना 7, वर्ष 6. महिना अधिक दिवस 9, हा पहिला. दिवस अधिक वर्ष 8, हा दुसरा. या दोघांची बेरीज 17, म्हणजे 8, हा तिसरा. महिना अधिक वर्ष 13, म्हणजे 4, हा चौथा. आव्हानांच्या जोड्या याच, फक्त वजाबाकी करायची: 5, 4, 1, 1.

कानामात्रा: आणि 36 मधून मूलांक वजा केला की पहिला टप्पा कधी संपतो ते कळतं.

जुनीवही: 36 बरोबर, मूलांक नाही. भाग्यांक. इथे मूलांक 2 धरलात तर 34 येतील. दिवस, महिना, वर्ष मिळून 15, म्हणजे भाग्यांक 6, म्हणून तिसाव्या वर्षी संपतो. पुढचे दोन टप्पे नऊ-नऊ वर्षांचे, 39 आणि 48 पर्यंत. चौथा शेवटपर्यंत.

रिकामीखुर्ची: माझं पहिलं आव्हान 9 आलंय. 1 ऑक्टोबरचा जन्म. म्हणजे फार वाईट का?

जुनीवही: 9 आलं की समजायचं, गणित चुकलं. तुम्ही 10 मधून 1 वजा केलात. आधी 10 चा 1 करा, मग उत्तर 0. एक अंकी आकड्यांची वजाबाकी 8 च्या वर जातच नाही. बेरजेत आकडा आधी आटवा की नंतर, शेवटी एक अंकी उत्तर तेच. वजाबाकीत मात्र फरक पडतो: वरच्या तारखेत 29 मधून 7 गेले 22, म्हणजे 4. पण खरं उत्तर 5.

रिकामीखुर्ची: शून्य म्हणजे आव्हानच नाही ना? सुटलो!

जुनीवही: काही जण शून्याला सगळ्यात अवघड मानतात. आणि काही जण तिसरं आव्हान जन्मभराचं धरतात, टप्प्यापुरतं नाही. यावर एकमत नाही.

उंबरठा: ते ‘आव्हान’ लिहा हं, ‘आवाहन’ नको. मला एकाने पत्रिकेसोबत ‘तुमचे दुसरे आवाहन’ असं लिहून दिलं होतं. मी वर्गणीचं समजले.

कानामात्रा: पण मुळात आह्वान म्हणजे हाक मारणंच. ‘आवाहन’ लिहिलं म्हणून काय बिघडलं?

उंबरठा: बिघडतं! ते ‘वह्’ धातूवरून, हे ‘ह्वे’वरून. आजच्या मराठीत एकात विनंती आहे, दुसऱ्यात ललकारी.

अर्धविराम: मंडळी, आणि ‘शिखर’?

जुनीवही: त्याआधी ‘चक्र’ खोडा. चारातला एकही टप्पा फिरून येत नाही.