फोनचं चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवावं का? पावसाळ्यात कोकणात हे परवडतं का?

गुहागरची लेक:
नवीन फोन घेतलाय. सेटिंगमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय दिसली. भाऊ म्हणतो लाव, बॅटरी टिकेल. नवरा म्हणतो पैसे १०० टक्क्यांचे मोजलेत. पाऊस तोंडावर आलाय आणि आमच्याकडे लाईटचा भरवसा नाही. याचा खरंच फायदा होतो का?

देवगडचो नाखवो:
काय एक गरज नाय. फोन वापरूक घेतलो की सांभाळूक? पाटेक होडी भायर काढली की चार्जर खंय शोधतलंय? दोन वर्सांनी बॅटरी थोडी उतारतली म्हणान आजच २० टक्के सोडून देवचे, ह्यो हिशोब माका कळना नाय. तुमचो घोव बरोबर सांगता.

चिपळूणकर:
नाखवा, रात्रभर चार्जिंगला लावला की ओव्हरचार्ज होतो, त्यानेच बॅटऱ्या फुगतात. ८० वर थांबवलं की तो प्रश्नच मिटतो. शिवाय फोन १०० ला पोचलाच नाही तर चार्जिंगची सायकल मोजलीच जात नाही. मी लावलंय, मस्त चाललंय.

दापोली रिपेअर:
मी मोबाईल-लॅपटॉप दुरुस्तीत आहे. चिपळूणकर, सेटिंग लावलंत ते चांगलंच, पण दिलेली दोन्ही कारणं चुकीची आहेत. १०० झाल्यावर फोन आत येणारा करंट स्वतःच बंद करतो, त्यामुळे त्या अर्थाने ओव्हरचार्ज होत नाही. आणि सायकल मोजतात ती एकूण किती वीज वापरली त्यावर. आज ६० टक्के वापरली, उद्या ४०, की झाली एक सायकल. १०० ला हात लावला की नाही, याच्याशी तिचा संबंध नाही.

खरं नुकसान होतं ते भरलेल्या अवस्थेत पडून राहिल्याने. पूर्ण भरलेल्या सेलचं व्होल्टेज सगळ्यात जास्त असतं. आजच्या फोनमध्ये ते ४.४ च्या आसपास जातं, ८० ला त्याहून साधारण पाव व्होल्ट कमी असतं. त्या वरच्या व्होल्टेजला आतली रसायनं हळूहळू एकमेकांना खात राहतात, फोन वापरा की नका वापरू. त्यात उष्णता मिळाली की वेग वाढतो. एक जुना तक्ता आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे: बॅटरी २५ अंशांत वर्षभर पूर्ण भरून ठेवली तर तिची क्षमता ८० टक्क्यांवर येते, ४० टक्के भरून ठेवली तर ९६ राहते. ४० अंशांत हेच आकडे ६५ आणि ८५ होतात. नवे सेल याहून बरे आहेत, पण दिशा तीच. म्हणून किती वेळा १०० केलं यापेक्षा किती तास १०० वर आणि गरम राहिली, ते बघा.

देवगडचो नाखवो:
मगे माझो फोन सकाळी १०० आणि आठ वाजता ७०. तो १०० वर ऱ्हवता कधी?

दापोली रिपेअर:
रात्री दहाला लावून पहाटे काढत असाल तर मधले चार-पाच तास राहतोच. पण तुमच्या बाबतीत मी हट्ट धरणार नाही. समुद्रात फोन बंद पडण्यापेक्षा बॅटरी लवकर म्हातारी झालेली परवडली. तुमचा खरा शत्रू ऊन. होडीच्या फळीवर उन्हात फोन ठेवू नका, सेटिंगपेक्षा त्याने जास्त फरक पडेल.

हे सेटिंग सगळ्यात जास्त कामाला येतं ते कायम चार्जरवर असणाऱ्या लॅपटॉपला. सातबारा, दाखले काढून देणाऱ्या एका दुकानातला लॅपटॉप माझ्याकडे आला होता. तक्रार काय, तर टचपॅड क्लिक होत नाही. बघतो तर टचपॅड मधोमध वर आलेलं, झाकण एका कोपऱ्यात बसत नाही. खाली बॅटरी उशीसारखी फुगलेली. सकाळी दुकान उघडल्यापासून बंद होईपर्यंत चार्जर लावलेला, बॅटरी सदा १०० वर, वर पत्र्याचं छप्पर. अशी बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही, लगेच वापर बंद करायचा. त्या दुकानात लिमिट ६० किंवा ८० ला लावलं असतं तर काहीच गमावलं नसतं. मशीन अॅडॅप्टरवर चालतं, बॅटरी नुसती बसून असते.

विंडोजवर बॅटरी किती उतरली ते बघायला ही कमांड द्या:

```
powercfg /batteryreport
```

रिपोर्टमध्ये DESIGN CAPACITY आणि FULL CHARGE CAPACITY असे दोन आकडे येतात. पहिला ५०,००० आणि दुसरा ४१,००० असेल तर ८२ टक्के उरली.

केळशीकर काकू:
आमच्या इन्व्हर्टरला असं सेटिंग सापडत नाहीये. तोही दिवसभर भरलेलाच असतो, मधून मधून बंद करून ठेवू का?

दापोली रिपेअर:
काकू, अजिबात नको! बहुतेक घरांत इन्व्हर्टरची बॅटरी शिसं-आम्लाची असते आणि तिचं बरोबर उलटं असतं. अर्धवट भरून ठेवली तर प्लेटांवर सल्फेटचा थर बसतो आणि ती कायमची मरते. ती भरलेलीच राहू दे, पाण्याची पातळी मात्र बघत जा.

मंडणगडवासी:
मला दापोलीकरांचं रसायन मान्य, पण इथल्या पावसाचं काय? ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं, त्यानंतर आमच्याकडच्या कित्येक गावांत आठवडे लाईट नव्हती. लोक जनरेटरपाशी फोन घेऊन रांगेत उभे होते. तेव्हा ८० वर थांबलेला फोन म्हणजे शुद्ध मूर्खपणा. आणि ते 'ॲडॅप्टिव्ह' प्रकरण तर त्याहून वाईट. रात्री ८० वर थांबतं, आणि उठायच्या वेळेच्या आधी उरलेलं भरतं. लाईट पहाटे तीनला गेली तर? सकाळी हातात ८०.

दापोली रिपेअर:
ॲडॅप्टिव्हबद्दल शंभर टक्के बरोबर. तुमच्या भागात ते पावसाळ्यात बंदच ठेवा. पण पक्कं लिमिट काय दगडावर कोरलेलं नाही. वादळाचा इशारा आला, आभाळ भरून आलं, की सेटिंग काढायचं आणि १०० करायचं. एखाद-दोन दिवस १०० ला राहिल्याने काही बिघडत नाही.

चिपळूणकर:
ठीक, सायकलचं मान्य. पण माझा फोन मध्येच १२ टक्के दाखवत असताना बंद पडला. हेही लिमिटमुळेच ना?

दापोली रिपेअर:
असू शकतं. महिनोन्‌महिने फोन वरच्या टोकाला गेलाच नाही तर टक्के मोजणारं यंत्र भरकटतं. म्हणूनच लिमिट असताना आयफोन अधूनमधून स्वतःहून १०० पर्यंत भरतो. तुमचा तसं करत नसेल तर महिन्याला एकदा पूर्ण भरा. तरी बंद पडला तर मात्र बॅटरी थकलीय, दोष मोजण्याचा नाही.

मंडणगडवासी:
एवढा सगळा उपद्व्याप करण्यापेक्षा तीन वर्षांनी बॅटरी बदलून टाकणं स्वस्त नाही का?

दापोली रिपेअर:
तुमच्या मॉडेलची असली बॅटरी मिळत असेल तर जरूर. माझ्याकडे जुन्या मॉडेलना येतात त्यातल्या बऱ्याच नकली निघतात, टक्केवारी छान दाखवतात आणि सहा महिन्यांत बसतात. असली मिळणार असेल तर मी वाद घालणार नाही.

गुहागरची लेक:
माझा फोन रात्री लावते, संध्याकाळी घरी येते तेव्हा ४५ च्या आसपास असतो. म्हणजे लावायला हरकत नाही, बरोबर? आणि ८० ऐवजी ९० ठेवलं तर?

दापोली रिपेअर:
८० लावलंत तरी संध्याकाळी २५ उरतील, तुम्हाला पुरेल. ९० नेही फायदा होतो, ८० इतका नाही. तुमच्या फोनला नेमका किती, ते मी इथून सांगू शकत नाही.

देवगडचो नाखवो:
घोवाक काय सांगतलंस मगे?